चार चादरी आणि बँकेत २,०१८ रुपये ८ पैसे: मार्केटप्लेसचं पेमेंट स्टेटमेंट वाचायचं कसं

आमच्या वहिनी सोलापूरहून चादरी ऑनलाइन विकतात. धंदा सुरू होऊन थोडे महिने झाले असतील, एका मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला. "भावोजी, या आठवड्याच्या चार चादरी, प्रत्येकी १,०५० ला. म्हणजे ४,२०० झाले ना? बँकेत २,०१८ रुपये ८ पैसे आलेत. निम्मे पैसे कुणी खाल्ले?"

निम्मे पैसे कुणी खाल्ले नव्हते, पण उत्तर एका वाक्यात देण्यासारखंही नव्हतं. त्या दिवशी फोनवर जे समजावलं ते इथे नीट मांडतो. कमिशन आणि शिपिंगचे आकडे त्या स्टेटमेंटमधले आहेत. तुमच्या मार्केटप्लेसचं रेटकार्ड वेगळं असेल, वाचायची रीत मात्र हीच.

आधी एकच ऑर्डर उलगडा

नवा माणूस आधी एकूण बेरीज बघतो आणि तिथेच अडकतो. बेरीज बाजूला ठेवा. ऑर्डरनिहाय अहवाल एक्सेलमध्ये उतरवून घ्या आणि कुठलाही खोट नसलेला, म्हणजे परत न आलेला एक ऑर्डर निवडा. वहिनींच्या चादरीचा ऑर्डर असा होता.

गिऱ्हाइकाने १,०५० रुपये दिले. चादरीवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे माल १,००० चा आणि कर ५० चा. कमिशन १२ टक्के, तेही जीएसटीसकट किमतीवर, म्हणून १२६ रुपये. ऑर्डरमागे ठरलेली फिक्स्ड फी ३०. शिपिंग ८४. तिन्ही मिळून २४० रुपये. या २४० वर मार्केटप्लेस स्वतःचा १८ टक्के जीएसटी लावतं, तो ४३ रुपये २० पैसे. मग सरकारसाठी आगाऊ कापलेले दोन कर: जीएसटीचा टीसीएस ५ रुपये आणि आयकराचा टीडीएस १ रुपया. १,०५० मधून हे सगळं वजा केलं की उरतात ७६० रुपये ८० पैसे.

एक्सेलमध्ये A2 ला विक्री किंमत आणि B2 ला तिन्ही फींची बेरीज ठेवली, तर हे सूत्र प्रत्येक ऑर्डरची अपेक्षित रक्कम काढून देतं:

```
=A2-B2-B2*18%-A2/1.05*0.5%-A2/1.05*0.1%
```

१.०५ हा आकडा ५ टक्क्यांच्या मालासाठी आहे. तुमच्या मालावर १८ टक्के असेल तर तिथे १.१८ लिहा. शेजारच्या रकान्यात मार्केटप्लेसने दिलेली रक्कम ठेवा आणि दोन्हींतला फरक बघा. दोन-चार पैशांचा फरक पूर्णांकनाचा असतो, तो सोडून द्या. ऑर्डरमागे दहा रुपयांवर फरक दिसला तर काहीतरी शोधण्यासारखं आहे.

कापलेला प्रत्येक रुपया सारखा नसतो

स्टेटमेंटमध्ये सगळ्या वजावटी एकाखाली एक, एकाच उणे चिन्हाने छापलेल्या असतात. त्यामुळे सगळेच पैसे गेले असं वाटतं. मी वहिनींना तीन डबे करायला सांगितले.

पहिल्या डब्यात कमिशन, फिक्स्ड फी आणि शिपिंग, म्हणजे २४० रुपये. हे खरोखर गेले. हा धंद्याचा खर्च.

दुसऱ्या डब्यात त्या २४० वरचा ४३.२० जीएसटी. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असाल, कंपोझिशन या छोट्या व्यापाऱ्यांच्या ठरावीक दराच्या योजनेत नसाल, तर याचं इनपुट क्रेडिट मिळतं. गिऱ्हाइकाकडून घेतलेला ५० रुपये कर सरकारला भरताना यातून वळता करता येतो.

तिसऱ्या डब्यात टीसीएस आणि टीडीएस, मिळून ६ रुपये. हे तुमचेच पैसे, सरकारकडे तुमच्या नावावर आगाऊ जमा झालेले. टीसीएस जीएसटीच्या पोर्टलवर रोख खात्यात येतो, टीडीएस आयकराच्या २६एएस मध्ये दिसतो.

आता गंमत बघा. २४० हाच खरा खर्च धरला तर १,००० च्या मालातून हाती ७६० उरायला हवेत. बँकेत आले ७६०.८०. त्यात सरकारकडचे ६ मिळवा, भरायच्या जीएसटीचे ६.८० (५० वजा ४३.२०) काढा, बरोबर ७६० उरतात. हिशेब जुळतो.

कागदावर जुळतो, असं म्हणायला हवं. कारण दुसऱ्या डब्यात एक भोक आहे आणि ५ टक्क्यांच्या मालावाल्यांना ते फार उशिरा दिसतं. वहिनी ती चादर मागवाल्याकडून ६०० अधिक ५ टक्के, म्हणजे ६३० ला घेतात. त्या खरेदीचं ३० रुपये क्रेडिट आधीच हातात असतं. गिऱ्हाइकाच्या ५० मधून ते ३० वळते झाले की भरायचे राहतात २०. आणि फींवरचं क्रेडिट आहे ४३.२०. म्हणजे २३ रुपये २० पैसे प्रत्येक चादरीमागे पडून राहतात. मालावर ५ टक्के आणि सेवेवर १८ टक्के असल्यामुळे हे साचत जातं, आणि सेवांवरचं असं साचलेलं क्रेडिट उलट्या कररचनेच्या परताव्यातून मिळत नाही. तो परतावा कच्च्या मालाच्या, वस्तूंच्या क्रेडिटपुरता आहे. म्हणून वहिनींचा चादरीमागचा नफा १६० (७६० वजा ६००) नसून पॅकिंगचा खर्च धरण्याआधीच १३६ रुपये ८० पैसे आहे. किंमत ठरवताना हे २३ रुपये धरा. १८ टक्क्यांचा माल विकणाऱ्याला सहसा हा त्रास नसतो, कारण त्याचा भरायचा करच मोठा असतो.

टीसीएसची ओळ: सगळ्यात छोटी, सगळ्यात बोलकी

जीएसटी कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मार्केटप्लेसला तुमच्या विक्रीतून टीसीएस कापून घ्यावाच लागतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून तो १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. तो करपात्र मूल्यावर, म्हणजे जीएसटी वगळून उरलेल्या रकमेवर लागतो, आणि महिन्यातला परत आलेला माल वजा करून.

या ओळीचा माझा एक आवडता उपयोग आहे. टीसीएसच्या रकमेला २०० ने गुणा. मार्केटप्लेस तुमच्या मालाचं करपात्र मूल्य किती धरतंय ते लगेच कळतं. ५ गुणिले २०० म्हणजे १,०००. बरोबर.

याचा फायदा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला. वहिनींची मोठी चादर १,५७५ ला जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० पर्यंतच्या चादरी ५ टक्क्यांत आल्या, त्याआधी १,००० च्या वरच्यांवर १२ टक्के होते. त्यामुळे करपात्र मूल्य १,५०० आणि टीसीएस ७.५० यायला हवा होता. स्टेटमेंटमध्ये ७.०३ दिसत होता. ७.०३ गुणिले २०० म्हणजे साधारण १,४०६. आणि १,५७५ भागिले १.१२ म्हणजे १,४०६.२५. लिस्टिंगमध्ये कराचा दर बदलायचाच राहून गेला होता! ४७ पैशांच्या फरकामागे मोठी गोष्ट होती: बिलावर १२ टक्क्यांनी १६८.७५ कर छापला जात होता, खरा कर होता ७५. बिलावर कर म्हणून घेतलेली रक्कम सरकारला भरावीच लागते, दर चुकीचा असला तरी. म्हणजे चादरीमागे जवळजवळ ९४ रुपये फुकट. चूक आमचीच होती. दर बदलला तेव्हा छोट्या चादरी आधीपासूनच ५ टक्क्यांत असल्यामुळे मोठीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

टीसीएस आपोआप खात्यात येत नाही, हेही सांगून ठेवतो. मार्केटप्लेस पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-८ हे टीसीएसचं विवरणपत्र भरतं. त्यानंतर जीएसटी पोर्टलवर रिटर्नच्या विभागात `TDS and TCS Credit Received` नावाची खिडकी असते. तिथे महिना निवडून रक्कम तपासायची, स्वीकारायची आणि फाइल करायचं. मगच ती इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये जमा होते. मी पहिले आठ महिने ही खिडकी उघडलीच नव्हती. पैसे तिथे निवांत बसून होते. ज्यांचं क्रेडिट वहिनींसारखं साचतं त्यांना टीसीएसचे पैसे कर भरायला लागतच नाहीत. अशांनी कॅश लेजरमधल्या जादा शिल्लकेचा परतावा मागावा. तो मिळतो.

टीडीएस: कमी बोलूया

आयकराचा हा टीडीएस कलम १९४-ओ म्हणून ओळखला जातो. १ ऑक्टोबर २०२० ला तो सुरू झाला, मार्च २०२१ पर्यंत सवलतीचा ०.७५ टक्का होता, मग १ टक्का, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. तुम्ही व्यक्ती म्हणून धंदा करत असाल, पॅन किंवा आधार दिलेलं असेल आणि वर्षभरातली त्या मार्केटप्लेसवरची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर तो कापला जात नाही. वहिनींची विक्री पुढे गेली होती म्हणून कापला गेला. पॅन-आधार काहीच दिलं नसेल तर दर थेट ५ टक्के होतो, तेव्हा टीडीएसची ओळ अचानक फुगलेली दिसली तर आधी प्रोफाइलमधला पॅन तपासा.

मग २,०१८ च कसे?

चार ऑर्डर गुणिले ७६०.८० म्हणजे ३,०४३ रुपये २० पैसे. बँकेत आलेल्या रकमेपेक्षा १,०२५ रुपये १२ पैसे जास्त. हा फरक एकाच ओळीत सापडला: मागच्या महिन्यात विकलेली एक चादर गिऱ्हाइकाने परत केली होती.

नव्या विक्रेत्याला वाटतं, परत आली तर मिळालेले ७६०.८० परत जातील. प्रत्यक्षात गेले १,०२५.१२. कारण असं: गिऱ्हाइकाला १,०५० परत गेले. मार्केटप्लेसने कमिशनचे १२६ आणि त्यावरचा २२.६८ जीएसटी परत दिला. टीसीएसचे ५ आणि टीडीएसचा १ उलटा फिरला. पण फिक्स्ड फी आणि जाण्याचं शिपिंग त्यांनी ठेवून घेतलं, आणि परतीच्या वाहतुकीचे ११० अधिक १९.८० जीएसटी वरून लावले.

म्हणजे एका परतीने विक्रेत्याला लागलेला चटका: ३० अधिक ८४ अधिक ११०, मिळून २२४ रुपये, त्यावरचा ४०.३२ जीएसटी वेगळा. चादर जशीच्या तशी, विकण्यासारखी परत आली तरीही. एका विक्रीचा नफा १३६.८० असताना एक परती जवळजवळ दोन विक्रींचा नफा खाते. "म्हणजे एक चादर विकून हे भरून नाही निघत?" वहिनी म्हणाल्या. नाही निघत.

इथे परतीचा प्रकार नक्की बघा. गिऱ्हाइकाने माल घेऊन मग परत केला तर परतीचं भाडं बहुतेक ठिकाणी विक्रेत्यावर पडतं. गिऱ्हाईक घरीच नव्हतं किंवा पार्सल घ्यायलाच नकार दिला, तर त्याला आरटीओ म्हणतात, आणि त्याचे नियम अनेक मार्केटप्लेसवर विक्रेत्याला सोयीचे असतात. दोघांचा कोड स्टेटमेंटमध्ये वेगळा असतो. आरटीओला गिऱ्हाईक-परतीचं भाडं लागलेलं दिसलं तर लगेच तक्रार नोंदवा.

शिपिंग अचानक वाढलं तर

पुढच्या महिन्यात त्याच चादरीचं शिपिंग ८४ वरून १२६ झालं. रेटकार्ड बदललं नव्हतं. वहिनींना वाटलं लूट चालली आहे, आणि मलाही क्षणभर तसंच वाटलं.

अहवालात आकारलेल्या वजनाचा रकाना असतो, तिथे २.५ किलो लिहिलं होतं. बांधलेली चादर काट्यावर १.३ किलो. उलगडा खोक्यात होता. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन, यांतलं जे जास्त ते धरतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून, बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. पूर्वी चादर ३६ × २८ × ७ च्या पिशवीत जायची: ७,०५६ भागिले ५,०००, म्हणजे १.४१ किलो, दीड किलोच्या टप्प्यात. मग दिसायला छान म्हणून वहिनींनी बाजारातून तयार खोकी आणली, ४० × ३० × १०. ते झालं २.४ किलो, आणि टप्पा अडीचचा. खोक्यात चादरीबरोबर हवाही बरीच जात होती. ऑर्डरमागे ४२ रुपये आणि त्यावरचे ७.५६ त्या हवेचे.

खोकी चुकीची नसतील आणि तरी वजन जास्त लावलं असेल, तर दाद मागता येते. त्यासाठी पुरावा आधीच तयार हवा: पॅक केलेलं पार्सल काट्यावर ठेवून एक फोटो, तिन्ही बाजूंना मोजपट्टी लावून एकेक फोटो, लेबल वाचता येईल असा. वजनाच्या तक्रारीची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून महिन्याच्या शेवटी न बघता दर सेटलमेंटला एकाच मालाचे शिपिंगचे आकडे शेजारी ठेवून बघा. एकाच चादरीला दोन वेगळे दर दिसले, तर एक तर गिऱ्हाइकाचं अंतर वेगळं आहे किंवा वजन.

बँकेतली रक्कम म्हणजे विक्री नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. कित्येक जण बँकेत आलेले २,०१८ च विक्री म्हणून जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात टाकतात. विक्री म्हणजे गिऱ्हाइकाच्या बिलावरचा आकडा. त्या आठवड्यापुरतं बोलायचं तर चार चादरी ४,००० करपात्र, त्यातून परतीच्या १,००० वजा, म्हणजे ३,००० आणि त्यावर कर १५०. कमिशन आणि शिपिंग हा वेगळा खर्च, तो दुसऱ्या बाजूला. मार्केटप्लेसने जीएसटीआर-८ मध्ये ३,००० च दाखवलेले असतात, टीसीएस १५ रुपये. तुम्ही कमी दाखवलं तर फरक विभागाला न शोधता दिसतो. आयकरातही उलाढाल तीच धरायची.

इनपुट क्रेडिटही स्टेटमेंटवरून घेऊ नका. मार्केटप्लेस फींचं महिन्याचं कर-बिल आणि परतींची क्रेडिट नोट वेगळी देतं, ती जीएसटीआर-२बी या पोर्टलवरच्या क्रेडिटच्या तक्त्यात उतरते. क्रेडिट त्यावरूनच घ्यायचं. सेटलमेंट आठवड्याचं आणि बिल महिन्याचं असल्याने दोन्ही आकडे जसेच्या तसे कधीच जुळत नाहीत. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातले ऑर्डर पुढच्या महिन्यात बँकेत येतात, म्हणून जुळवणी तारखेने न करता ऑर्डर क्रमांकाने करा. २बी मध्ये नोंदणी क्रमांक तुमचाच आहे ना, तेही बघा. प्रोफाइलमध्ये एक अक्षर चुकलं तर क्रेडिट दुसऱ्याच्या नावावर जातं किंवा कुठेच जात नाही.

वहिनी आता दर मंगळवारी सेटलमेंट आलं की यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा क्रमांक, पासबुकाशी लावतात, सूत्राचा रकाना खाली ओढतात आणि फरक आलेल्या ओळी पिवळ्या करतात. गेल्या आठवड्यात एकच ओळ पिवळी होती, जाहिरातीचे १८० रुपये. ती जाहिरात त्यांनीच दिवाळीत सुरू केली होती आणि बंद करायला विसरल्या होत्या.